कुंडीवरची चिलटं: पाणी थांबतं तिथेच त्यांचं घर

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहते. हॉलमधल्या कुंड्यांवर बारीक काळी चिलटं घोंघावतात, पाणी घातलं की मातीतून उठतात. दोनदा स्प्रे मारला, चार दिवसांत परत हजर. झाडांना धोका आहे का? जास्त पाण्याने होतात म्हणतात, पण मी तर रोज एक ग्लासच घालते. नक्की काय करू?

उत्तर:

ताई, सगळा घोळ त्या रोजच्या एका ग्लासातच आहे. एक ग्लास पाणी कमीच वाटतं, पण रोज घातलं की कुंडीतली वरची दोन इंच माती कधी सुकतच नाही, आणि या चिलटांना तेवढीच ओल हवी असते. स्प्रेने हवेतली मेली. अंडी, अळ्या आणि कोष मातीत होते तसेच राहिले. चार दिवसांनी दिसली ती मागाहून कोषातून निघालेली नवी चिलटं.

आधी ती कुंडीतलीच आहेत याची खात्री करून घ्या. केळ्यांवर, कापलेल्या फळांवर बसणारी माशी तपकिरी अंगाची आणि लाल डोळ्यांची असते. तिचा कुंडीशी संबंध नाही. बाथरूमच्या भिंतीवर बसणारी केसाळ, पतंगासारखी दिसणारी माशी मोरीच्या पाइपातून येते. कुंडीतलं चिलट दोन-तीन मिलिमीटरचं, काळसर, लांब पायांचं असतं. त्याचं उडणं दमदार नसतं. थोडं उडतं आणि पुन्हा मातीवर किंवा कुंडीच्या काठावर बसून तुरुतुरु चालतं. चावत नाही, डास नव्हे. घरातल्या माणसांना त्याचा त्रास एवढाच की ते चहाच्या कपात पडतं.

उडणारं चिलट आठवडाभर, फार तर दहा दिवस जगतं. तेवढ्यात मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात शंभरावर अंडी घालू शकते. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते: पांढुरकी, काचेसारखी आरपार, डोकं मात्र चकचकीत काळं. ती दोन आठवडे मातीतच खाते, मग तीन-चार दिवस कोषात जाते आणि चिलट होऊन बाहेर पडते. आपल्याकडच्या घरातल्या उबेत हा सगळा फेरा तीन आठवड्यांच्या आसपास पुरा होतो, थंडीत थोडा लांबतो. कुठलाही उपाय तीन-चार आठवडे चिकाटीने करावा लागतो, तो यामुळे. बहुतेक घरांत उपाय चुकीचा नसतो, तो दहाव्या दिवशी सोडून दिलेला असतो.

अळीचं मुख्य खाणं म्हणजे मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पालापाचोळा. सतत ओल्या मातीत पाण्याने हवेच्या जागा भरून जातात, वरच्या थरात बुरशी धरते, कोकोपीट आणि अर्धवट कुजलेलं खत हळूहळू सडत राहतं. अळीला बसल्या जागी जेवण मिळतं. उलट तो थर वाळला की अंडी सुकून जातात आणि नुकत्या निघालेल्या अळ्या मरतात, कारण त्यांच्या अंगावर ओल धरून ठेवणारं काही नसतं. जास्त पाणी चिलटांना बोलावतं म्हणतात ते असं.

झाडाला धोका आहे का, तर मोठ्या, तग धरलेल्या मनी प्लांटला सहसा नाही. पण अळ्या फार झाल्या की त्या बारीक पांढऱ्या मुळ्यांकडे वळतात. रोपं, नुकती लावलेली कलमं आणि आधीच मुळं सडू लागलेली झाडं यांना तो मार सोसत नाही. शिवाय मूळकुजीच्या बुरश्या एका कुंडीतून दुसरीत नेण्याचं कामही ही चिलटं करतात. आमच्या नर्सरीत रोपांच्या ट्रेवर चार चिलटं दिसली तरी मी लगेच हालचाल करतो, हॉलमधल्या स्नेक प्लांटवर दिसली तर तेवढी घाई करत नाही.

आता पाण्याचं बघू, कारण औषधापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं आहे.

कुंडीला भोक असलं तरी सगळं जादा पाणी निघून जात नाही. तळाशी एक थर ओलागच्च राहतोच, तो मातीच्या बारीक कणांनी धरून ठेवलेला असतो. बरेच जण तळात विटांचे तुकडे नाहीतर खडीचा थर घालतात आणि निचरा चांगला झाला म्हणतात. होतं उलटंच: तो ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांच्या अजून जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी कुंडी वरपासून खालपर्यंत एकाच मिश्रणाची असू द्या. झाड लहान आणि कुंडी मोठी असेल तर मुळं पोहोचत नाहीत तिथलं पाणी कोणी पीतच नाही, ते आठवडाभर तसंच पडून राहतं.

मातीचाही भाग आहे. तुमच्या सांगलीकडे गच्चीवरच्या बागेसाठी शेतातली काळी माती किंवा नदीकाठचा गाळ आणायची सवय आहे. उसाला ती उत्तम, पण घरातल्या कुंडीला नाही. ती पाणी धरून ठेवते, सुकताना भेगाळते, आणि मग घातलेलं पाणी भेगांतून थेट ताटलीत उतरतं. कोकोपीटची खोड वेगळी. वरून तपकिरी, कोरडं दिसतं, आणि बोट घातलं की आत चिखल. वरचा रंग बघून पाणी घालणारा माणूस इथे हमखास फसतो. घरातल्या झाडांसाठी मी एक भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग पूर्ण कुजलेलं गांडूळ खत आणि अर्धा ते एक भाग जाड वाळू किंवा पेरलाईट एवढंच घेतो. कच्चं शेणखत घरात अजिबात नको.

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, हवेतच एवढा दमटपणा असतो की पाणी उडून जायला जागाच नसते. ढगांमुळे खिडकीतला उजेड निम्म्यावर येतो, म्हणून झाडही पाणी कमी पितं. मे महिन्यात चार दिवसांत सुकणारी कुंडी श्रावणात बारा दिवस ओली राहते. पाणी घालण्याचा हात मात्र बाराही महिने तोच चालतो. चिलटांच्या बहुतेक तक्रारी माझ्याकडे पावसाळ्यातच येतात, त्या यामुळे.

साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका मावशींच्या घरचं उदाहरण सांगतो, तुमच्या हॉलशी ते बरंच जुळेल. दहा-बारा कुंड्या, सगळ्यांना सकाळी एकेक ग्लास पाणी, आणि चिलटं घरभर. सगळ्याच कुंड्या बाहेर टाकाव्या लागतील असं त्यांना वाटत होतं. आम्ही आधी बटाटा लावला. कच्च्या बटाट्याची बोटभर जाडीची चकती प्रत्येक कुंडीत मातीवर दाबून बसवायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघायची. अळ्या असतील तर त्या बटाट्याखाली जमतात. पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या, भिंगाशिवायही दिसतात. बाकी सगळ्या चकत्या जवळजवळ कोऱ्या निघाल्या, अळ्या तीनच कुंड्यांत होत्या.

पहिली पीस लिलीची. ती प्लॅस्टिकच्या कुंडीत होती, आणि ती कुंडी शोभेच्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवलेली. त्या भांड्याला भोक नाही. उचलून बघितलं तर तळाशी दोन बोटं काळं पाणी, वास मारणारं. दुसरी झेडझेड, जिला तीन आठवड्यांत एकदा पाणी मिळालं तरी चालतं आणि इथे रोज मिळत होतं. तिसरा मनी प्लांट. त्यात चहाचा चोथा टाकायची मावशींची जुनी सवय होती. मातीवर चोथ्याचा काळा थर बसला होता, त्यावर पांढरी बुरशी, आणि काडीने थर हलवला की चिलटं भसकन उठायची. चहाचा चोथा, केळीच्या साली, तांदळाचं धुवण, ताकाचं पाणी हे अंगणातल्या मोगऱ्याला खुशाल घाला. घरातल्या कुंडीत ते खत व्हायच्या आधी अळ्यांचा खुराक होतं.

मनी प्लांटचा वरचा इंचभर थर खरवडून पिशवीत बांधला आणि घराबाहेर टाकला. तिथे कोरडं, चाळलेलं नवं मिश्रण घातलं. पीस लिलीचं भांडं रिकामं करून धुतलं. झाड प्लॅस्टिकच्या कुंडीतून अलगद काढून मुळं पाहिली. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी, मऊ, आणि चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात नुसता दोरा उरतो ती सडलेली. कडेची थोडी सडली होती. ती कापली आणि झाड त्याच मापाच्या कुंडीत नव्या मिश्रणात बसवलं. झेडझेडला काहीच केलं नाही, फक्त पाणी बंद.

मग पाण्याची पद्धत बदलली, आणि ही तुम्ही आजपासून करू शकता. वार ठरवून पाणी घालायचं नाही, वजन बघून घालायचं. कुंडीला एकदा भरपूर, खालून वाहेपर्यंत पाणी द्या. अर्ध्या तासाने ताटलीतलं पाणी ओतून टाका आणि कुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. मातीचं मिश्रण असलेली सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी तेव्हा साधारण दोन किलो शंभर ग्रॅम भरेल. मग रोज पाणी न घालता वाट बघा. अगरबत्तीची काडी दोन इंच खुपसून काढली आणि तिला माती चिकटली नाही, की पुन्हा वजन करा. ते दीड-पावणेदोन किलोच्या मध्ये कुठेतरी येईल. हा तुमच्या त्या कुंडीचा आकडा. टेपवर लिहून कुंडीला चिकटवा. त्या वजनाला आली की पुन्हा भरपूर पाणी, तोवर थेंबही नाही. आठ-पंधरा दिवसांत हाताला वजनाची सवय होते, मग काटा लागत नाही, उचललं की कळतं.

रोज थोडं आणि कधीतरी भरपूर, या दोन्हींत महिन्याला पाणी कदाचित सारखंच जाईल. फरक वरच्या थरात पडतो. पहिल्या पद्धतीत तो रोज ओला होतो आणि खालची मुळं तहानलेली राहतात. दुसऱ्या पद्धतीत मुळांना पोटभर पाणी मिळतं आणि वरचे दोन इंच मधले बरेच दिवस कोरडे असतात.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. पानं मलूल होऊन लोंबली म्हणजे पाणी कमी पडलं असंच आपण धरतो. मुळं सडली की झाड पाणी ओढू शकत नाही, तेव्हाही पानं अशीच लोंबतात. कुंडी उचलून बघा. हलकी असेल तर तहान, जड असेल तर सड. जड कुंडीत अजून पाणी ओतलं तर झाड हातचं जातं.

सापळ्यांचं म्हणाल तर, द्राक्षबागेत आणि पॉलिहाऊसमध्ये लावतात ते पिवळे चिकट सापळे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. एक सापळा कापून पत्त्याएवढे तुकडे करा. लोक ते झाडावर उंच टांगतात, पण हे चिलट मातीलगत फिरतं, म्हणून तुकडा काडीवर मातीच्या अगदी वर, आडवा बसवा. पिवळ्या कार्डावर एरंडेल चोपडून घरीही करता येतो. सापळ्याने एकट्याने चिलटं संपत नाहीत, तो मला मोजणीसाठी हवा असतो. दर आठवड्याला जुना तुकडा काढून नवा लावायचा आणि जुन्यावर किती चिकटली ते बघायचं.

मावशींकडे पहिल्या आठवड्यात सापळे काळे झाले आणि त्या घाबरल्या, कारण उपाय करूनही चिलटं वाढली असं त्यांना वाटलं. ती आधीच कोषात गेलेली होती. कोषावर ना कोरडेपणा लवकर चालतो ना औषध, ती बाहेर येणारच. दुसऱ्या आठवड्यात आकडा उतरू लागला, चौथ्याच्या शेवटी एखाद-दुसरं चिकटलेलं. आकडा तीन आठवड्यांनंतरही उतरला नाही तर समजायचं की एखादी ओली कुंडी नजरेतून सुटली आहे. बाल्कनीत कोपऱ्यात पडलेली, रोप नसलेली ओल्या मातीची कुंडी बऱ्याचदा हा उद्योग करत असते.

औषध लागलंच तर एकच सांगेन, बीटीआय. हा जिवाणू आहे, पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात तो सापडला आणि डासांच्या अळ्यांसाठी जगभर वापरला जातो. चिलटाची अळी डासाच्या लांबच्या नात्यातली, म्हणून तिलाही तो मारतो. माणसांना, मांजरांना, गांडुळांना त्याचा त्रास नाही. इथे एक फसगत होते. दुकानात नुसतं ‘बीटी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा पानं खाणाऱ्या अळ्यांचं बीटी हातात पडतं. त्याच्या नावात कुर्स्टाकी असतं आणि चिलटाच्या अळीवर ते चालत नाही. पाकिटावर इस्रायलेन्सिस लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. प्रमाण पाकिटावरचंच घ्या, कारण पावडर आणि द्रावण यांची ताकद वेगवेगळी असते. पाण्यात कालवून नेहमीच्या पाण्याच्या जागी कुंडीला द्या, म्हणजे माती पुन्हा सुकायच्या वेळापत्रकात ते बसतं. अळीने ते खाल्लं तरच ती मरते, आणि मातीत ते थोडेच दिवस टिकतं. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावं लागतं. एकदा देऊन ‘गुण आला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

हायड्रोजन पेरॉक्साइडही काही जण सांगतात. औषधाच्या दुकानात ते बहुधा सहा टक्क्यांचं मिळतं. त्यात नऊ पट पाणी घालून कुंडीत ओतलं तर फेस येतो आणि फेस लागेल तेवढ्या अळ्या मरतात. काही वेळात त्याचं पाणी होऊन जातं, पुढच्या अंड्यांना काही होत नाही, आणि मातीतले चांगले जिवाणूही मरतात. फार झाल्या असतील तर सुरुवातीला एकदा, त्याउपर नको. दालचिनी, हळद भुरभुरवणं मी सुचवत नाही. हळदीच्या गावात हे सांगणं अवघड आहे, पण ओल्या मातीवर तिची पिवळी खपली धरते आणि खाली अळ्या निवांत असतात.

वरून वाळूचा थर घालायचा का? कोरड्या जाड वाळूचा अर्धा-पाऊण इंच थर अंडी घालणं अवघड करतो हे खरं. पण चिलटं कुंडीच्या तळच्या भोकातूनही येतात-जातात, आणि वाळूखाली माती ओली की सुकी ते दिसेनासं होतं. वजन करून पाणी देणाऱ्याने घालावा, अंदाजाने देणाऱ्याने नको.

आणि एक कळकळीने सांगतो. घरी शेती आहे म्हणून उसाला टाकायचं दाणेदार औषध चिमूटभर कुंडीत टाकणारे मी पाहिले आहेत. फोरेटवर तर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदीच आहे, तरी जुन्या डब्यांतून ते निघतं. बंद खोलीत, लहान मुलांच्या हाताशी असलेल्या कुंडीत अशी विषं टाकायची नाहीत. चिलटाने कोणाचं एवढं बिघडत नाही.

कोरडं ठेवण्याची पद्धत सगळ्यांना सारखी लागू नाही. झेडझेड, स्नेक प्लांट, मनी प्लांट बिनधास्त सुकवा. पीस लिली पानं टाकते पण पाणी दिलं की काही तासांत उठते, फक्त तिला वारंवार त्या थराला नेऊ नका. नेचे म्हणजे फर्न आणि कोवळी रोपं मात्र सुकवली तर चिलटांआधी तीच जातील. त्यांना खालून पाणी द्या: कुंडी पाण्याच्या पसरट भांड्यात वीस-तीस मिनिटं ठेवायची, वजन वाढलं की बाहेर काढून निथळू द्यायची. वरचा थर तुलनेने कोरडा राहतो, सोबत बीटीआय द्यायचं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढा, नाहीतर मातीच्या वर पांढरी खर जमते.

पुढच्या वेळी नर्सरीतून झाड आणलं, अगदी आमच्याकडून आणलं तरी, ते तीन आठवडे बाल्कनीत वेगळं ठेवा आणि त्यात पिवळा तुकडा खोचा. उरलेल्या मिश्रणाची पिशवी उघडी, ओलसर ठेवू नका. पावसाळ्यात बाल्कनीत अशा पिशवीतच अंडी पडतात आणि गणपतीच्या सुमाराला नवी कुंडी भरली की चिलटं तिच्यासोबत हॉलमध्ये येतात. मिश्रण उन्हात पसरून सुकवा, मग पिशवीचं तोंड घट्ट बांधा.

आज संध्याकाळी प्रत्येक कुंडीत बटाट्याची चकती ठेवा आणि पाणी थांबवा. कोणत्या कुंड्यांत अळ्या निघाल्या आणि त्यात कोणती झाडं आहेत ते कळवा, म्हणजे कोणाला किती सुकवायचं ते सांगता येईल.